2013 चा रुपया आणि आमचा टॉवेल कारखाना

सोलापुरात वडिलांनी चार यंत्रमागांवर चादरी विणायला सुरुवात केली, तेव्हा डॉलरचा भाव आमच्या घरात कोणी विचारत नसे. टेरी टॉवेलांची निर्यात सुरू झाल्यानंतर मात्र तो भाव आमच्या दिवसाचा भाग झाला. तरीही रुपया का घसरतो आणि त्या घसरणीचा पैसा नेमका कोणाकडून कोणाकडे जातो, हे मला खऱ्या अर्थाने कळले ते 2013 च्या मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत. आमच्या वाटचालीतील तो काळ म्हणूनच मी सविस्तर लिहीत आहे.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला एक डॉलर सुमारे 54 रुपयांना मिळत होता आणि 28 ऑगस्टला तोच भाव 68 रुपयांच्या पुढे गेला. देशात या चार महिन्यांत ना नवा दुष्काळ पडला होता, ना युद्ध झाले होते. कारण जुनेच होते, फक्त ते तोपर्यंत झाकलेले होते. 2012-13 या आर्थिक वर्षात आपण परदेशातून जे घेत होतो, त्याची किंमत आपल्या परकीय कमाईपेक्षा सुमारे 88 अब्ज डॉलरने जास्त होती, आणि ही चालू खात्यातील तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या 4.8 टक्के होती. कच्चे तेल आणि सोने ही त्यातील दोन मोठी खाती होती. कमी पडणारे डॉलर परदेशी गुंतवणूकदार आपल्या शेअर बाजारात आणि रोख्यांत पैसे लावून पुरवत होते. अमेरिकेत व्याज जवळजवळ शून्य होते, म्हणून तो पैसा इकडे येत होता. 22 मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी, रोखे खरेदी करून बाजारात पैसा ओतण्याचा कार्यक्रम पुढे कमी केला जाऊ शकतो, एवढेच सूचित केले. तिकडचे व्याज वाढणार या अंदाजाने गुंतवणूकदार रोखे विकून डॉलर मागू लागले, तेल कंपन्यांना रोजचे डॉलर लागतच होते, आणि भाव आणखी चढेल या भीतीने आयातदारही आपली देणी लवकर भागवू लागले. निर्यातदार मात्र उद्या जास्त रुपये मिळतील या आशेने डॉलर आणायला उशीर करत होते. मागणी अशी एका बाजूला दाटली की घसरण स्वतःच पुढच्या घसरणीला बळ देते.

मे महिन्यात आमच्याकडे 10,000 किलो टॉवेलांची ऑर्डर होती. दर किलोला साडेपाच डॉलर, म्हणजे एकूण 55,000 डॉलर, आणि पैसे सप्टेंबरमध्ये मिळणार होते. बँकेशी फॉरवर्ड करार करून आम्ही 56 रुपयांचा भाव आधीच बांधून घेतला होता, त्यामुळे आमचे 30 लाख 80 हजार रुपये निश्चित झाले होते. पैसे आले त्या दिवशी बाजारभाव 66 च्या आसपास होता. करार नसता तर साडेपाच लाख रुपये अधिक मिळाले असते. पण मला त्या करारापेक्षा दुसऱ्या गोष्टीने जास्त शिकवले. ऑर्डर घेतल्यावर सुताचा भाव किलोमागे 18 रुपयांनी वाढला. सूत आपल्याच देशातले, कापूसही आपलाच, मग त्याचा भाव का वाढावा? कापूस आणि सूत विकणाऱ्याला परदेशात तेवढ्याच डॉलरचे आता जास्त रुपये मिळत होते, म्हणून तो आम्हालाही जुन्या भावात द्यायला तयार नव्हता. जो माल निर्यात होऊ शकतो, त्याचा देशातला भावही डॉलरच्या मागे जातो. आमची कमाई बांधलेली आणि खर्च मोकळा, अशी ती स्थिती होती. त्यात भर म्हणून युरोपातून घेतलेल्या रेपियर मागांचा 12,000 युरोंचा हप्ता, जो वसंतात साडेआठ लाखांच्या आसपास पडत होता, तो ऑगस्टअखेर साडेदहा लाखांपुढे गेला.

याच दिवसांत शिलाई विभागातील एका मावशींनी मला विचारले, "मालक, डॉलर वाढला की कारखान्याला बरं म्हणता, मग आमचा तेलाचा डबा का वाढला?" मी त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला. आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. पामतेलाचा परदेशातला भाव टनाला 850 डॉलरच राहिला असे धरले, तरी 55 रुपयांच्या डॉलरला ते किलोमागे पावणेसत्तेचाळीस रुपयांना पडते आणि 66 रुपयांच्या डॉलरला 56 रुपयांना. मलेशियात किंवा इंडोनेशियात काहीही न बदलता प्रत्येक किलोमागे सव्वानऊ रुपयांहून अधिक चढतात, आणि जकात व व्यापाऱ्याचा नफा त्यावर वेगळा. कच्च्या तेलाचेही तसेच. पिंपाला 110 डॉलर भाव असेल, तर पिंपात 159 लिटर धरून लिटरमागचा खर्च 38 वरून 45 रुपयांच्या पुढे जातो. त्या वेळी डिझेलचा दर महिन्याला सुमारे 50 पैशांनीच वाढवला जात होता, त्यामुळे हा सगळा भार पंपावर लगेच दिसला नाही. त्याचा मोठा भाग सरकारी तिजोरीवर पडला. पेट्रोलचा दर मात्र नियंत्रणमुक्त होता आणि तो लगेच चढला. मावशींच्या पगारात डॉलरचा एकही पैसा नव्हता, पण त्यांच्या किराण्यात होता. हा फरक मला तोपर्यंत जाणवला नव्हता, आणि त्या वर्षीची दिवाळीची पगारवाढ ठरवताना मी तेलाचा तोच कागद समोर ठेवला.

निर्यातदाराला फायदा होतो हे खरे आहे, पण तो किती, हे ऑक्टोबरमध्ये कळले. त्या वेळी डॉलर 62 रुपयांच्या आसपास स्थिरावला होता. रिझर्व्ह बँकेने तेल कंपन्यांना डॉलर देण्याची वेगळी व्यवस्था केली होती, सोन्यावरचा आयात कर ऑगस्टमध्येच 10 टक्के झाला होता, आणि अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातील ठेवी बँकांना सवलतीच्या दराने रुपयांत बदलून देण्याच्या योजनेतून डॉलर येऊ लागले होते. आमच्या जर्मन खरेदीदाराने नवीन ऑर्डर देताना पहिलाच मुद्दा हा मांडला की तुमचा रुपया घसरला आहे, तेव्हा भाव कमी करा. आम्ही साडेपाच डॉलरवरून 5.30 वर आलो. 55 रुपयांच्या डॉलरला जुन्या भावात आम्हाला किलोमागे 302 रुपये 50 पैसे मिळत होते, आता 328 रुपये 60 पैसे मिळणार होते. म्हणजे 26 रुपये जास्त. किलोभर टॉवेलाला नासधूस धरून एक किलो शंभर ग्रॅम सूत लागते, त्यामुळे त्यातले जवळपास 20 रुपये सुताच्या वाढीत गेले आणि हातात राहिले सहा. आमच्या धंद्यात किलोमागे सहा रुपये ही लहान रक्कम नाही, आणि भाव उतरवल्यामुळे त्याने आणखी एक कंटेनर वाढवून दिला. अजून मोठी ऑर्डर मिळाली असती, पण तुर्कस्तानचा लिराही त्याच उन्हाळ्यात घसरला होता आणि तिथल्या डेनिझली शहरातले टॉवेलवालेही भाव उतरवत होते. आपला रुपया कोणत्या चलनासमोर घसरला, यापेक्षा आपल्या स्पर्धकाचे चलन किती घसरले, हे निर्यातदाराने आधी पाहावे असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक ऑर्डरचा निम्मा भाग बांधतो आणि निम्मा मोकळा ठेवतो. भाव बांधतो त्याच दिवशी त्या ऑर्डरचे सूतही खरेदी करून गोदामात आणतो. मागांचा पुढचा हप्ता युरोत असेल, तर युरोपातल्या खरेदीदाराकडून तेवढी रक्कम युरोतच घेऊन वेगळ्या खात्यात ठेवतो, आणि तिचे रुपये करत नाही.