आमची वाटचाल: छोट्या ट्रायपॉडपासून उंच स्टँडपर्यंत

टेबलावर ठेवायचे फोन-ट्रायपॉड विकण्यापासून आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. क्लॅम्प, आडव्या दांड्या आणि उंच स्टँड नंतर आले. यातली आडवी दांडी घेताना सर्वाधिक प्रश्न विचारले जातात, आणि ते रास्तच आहेत. पाककृती वरून टिपायची म्हटली की साधा ट्रायपॉड उपयोगाचा नसतो; फोन खाली वळवला की त्याचेच पाय चित्रात येतात.

दांडीचा खरा प्रश्न तोलाचा. फोन 200 ग्रॅमचा, क्लॅम्प 100 ग्रॅमचा, आणि दोन्ही स्टँडपासून 60 सेंमी पुढे आहेत असं धरू. दांडी मागे 20 सेंमीच निघत असेल, तर तिथे तिप्पट, म्हणजे 900 ग्रॅम वजन लागतं. दांडीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब असल्याने त्याचाही भार धरावा लागतो. म्हणून आम्ही सव्वा किलोची वाळूची पिशवी देतो. शिवाय स्टँडचा एक पाय बरोबर दांडीच्या खाली, फोनच्या दिशेने ठेवायचा. दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूला दांडी आली, तर हलक्या धक्क्यानेही सगळं पुढे कोसळतं.

दुसरी अडचण हळूच येते. सांध्याचा नॉब घट्ट वाटतो, पण फोन थोडाथोडा खाली झुकत राहतो. पहिल्या आणि शेवटच्या चित्रात भांड्याची कड पाहा; ती सरकली असेल तर सांधा घसरतोय. दांडी स्टँडच्या दुसऱ्या बाजूने बसवा, म्हणजे भाराने नॉब सैल न होता आवळला जाईल. नुसता जोर लावून पिळू नका, आटे झिजतात.

टेबलाच्या कडेला बसणारा क्लॅम्प जागा वाचवतो, म्हणून लोकांना आवडतो. चिरणं-कुटणं असेल तर मात्र आम्ही तो सुचवत नाही: सुरीचा प्रत्येक ठोका टेबलातून थेट फोनपर्यंत पोचतो. त्यापेक्षा जमिनीवरचा, टेबलाला न टेकणारा स्टँड बरा. फोन पूर्ण खाली पाहत असला की आडवं-उभं त्याला कळत नाही. आधी तो सरळ धरून हवी ती दिशा येऊ द्या, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मगच खाली वळवा. क्लॅम्पचे जबडे बाजूच्या बटणांवर नाहीत ना, तेही पाहा.

मुलाखतीचं गणित त्यामानाने सोपं. लेन्स बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला हवी. खुर्चीतल्या माणसासाठी साधारण 110 ते 120 सेंमी, उभ्या माणसासाठी 150 ते 165. दोन मीटरचा स्टँड दोन्हीला पुरतो. तो उघडताना पाय पूर्ण पसरा, जाड नळ्या आधी वर घ्या आणि सर्वांत बारीक नळी गरज पडली तरच, कारण हलते ती तीच. बाहेर वारा असेल तर वाळूची पिशवी खालच्या पायावर ठेवा. मधल्या दांड्याला लोंबती अडकवली तर ती झुलते आणि स्टँडलाही हलवते.