शेवटची दोन वाक्यं

मी नववीत होते तेव्हा एका ऑफ तासाला मराठीच्या बाईंनी आम्हाला मोपासाँची हाराची गोष्ट वाचून दाखवली. ही १८८४ साली छापली गेलेली फ्रेंच गोष्ट जगभर माहीत आहे, पण आम्ही ती पहिल्यांदाच ऐकत होतो. पॅरिसमधल्या एका कारकुनाची बायको मातिल्द ल्वाझेल. मंत्र्याकडच्या समारंभाचं आमंत्रण येतं. नवरा बंदुकीसाठी साठवलेले ४०० फ्रँक तिच्या पोशाखासाठी देतो. दागिना नाही म्हणून ती शाळेतली मैत्रीण फोरेस्तिए हिच्याकडून हिऱ्यांचा हार मागून आणते आणि त्याच रात्री तो हरवते. तसाच दिसणारा दुसरा हार ३६,००० फ्रँकला घेऊन ती गुपचूप परत करते. निम्मे पैसे नवऱ्याच्या वारशाचे, निम्मे कर्जाचे. कर्ज फिटायला दहा वर्षं लागतात. मग एका रविवारी शाँझेलिझेवर ती मैत्रीण भेटते. मातिल्द सगळं सांगून टाकते आणि मैत्रीण म्हणते, अगं, माझा हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा!

वर्ग सुन्न झाला. बाईंनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, “सोमवारी प्रत्येकाने या गोष्टीचा दुसरा शेवट लिहून आणायचा. माणसं हीच हवीत, आणि गोष्ट सांगणाराही हाच हवा.”

माझा पहिला शेवट मला फार आवडला होता. मूळ गोष्टीत फोरेस्तिए एका मुलाला घेऊन फिरायला आलेली असते. मी त्या मुलाच्या हातात हार दिला. मूल हिरे मातीत घोळवतंय, आई म्हणते, “खेळू दे, खोटाच आहे,” आणि मातिल्द न बोलता निघून जाते. शेवटी मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की खोट्या मोठेपणापायी आयुष्य असं मातीमोल होतं.

बाईंनी वही परत दिली ती एकच प्रश्न विचारून. “नवऱ्याची बंदूक कितीची होती?” मी म्हटलं, ४००. “मग ५०० चा दागिना कोणी मुलाला खेळायला देईल का गं?” मोपासाँने रकमा दिल्यात त्या उगाच नव्हेत, हे मला तेव्हा कळलं. खोटा हारसुद्धा एका कारकुनाच्या बंदुकीपेक्षा महाग होता. फोरेस्तिए श्रीमंत असली तरी तो कपाटात जपून ठेवणार. माझा शेवट गोष्टीतल्या पैशांच्या हिशोबात बसत नव्हता.

मग त्या दोन ओळी. बाईंनी पुस्तक उघडून मातिल्दच्या दहा वर्षांचं वर्णन पुन्हा वाचलं: मोलकरीण काढून टाकली, भांडी घासून गुलाबी नखं झिजली, पाण्याची बादली वर नेताना ती प्रत्येक मजल्यावर दम घ्यायला थांबायची. सगळं कोरडं, हळहळ कुठेच नाही. त्यानंतर मात्र, दोघींची भेट होण्याआधीच, लेखक एकदा स्वतः बोलून जातो, की हार हरवला नसता तर काय झालं असतं कोण जाणे, माणूस बुडायला किंवा तरायला किती थोडं पुरतं. “त्याला जे म्हणायचं ते त्याने तिथे म्हटलंय,” बाई म्हणाल्या. “शेवटी तो एक अक्षर बोलत नाही. तूही बोलू नकोस.” वर्गातल्या बहुतेकांनी शेवटी काही ना काही शिकवण लिहिली होती. आवाज तिथेच बदलत होता. इतका वेळ बोलणारा माणूस उठून गेला आणि त्याच्या जागी आमचे मुख्याध्यापक येऊन बसले असं वाटायचं.

मग बाईंनी मला घरी जाऊन गोष्टीत शेवटाचं बी कुठे कुठे पेरलंय ते शोधायला सांगितलं. मला तीन जागा सापडल्या. फोरेस्तिए हार मागताक्षणी, जराही न अडखळता देते. पुढे डबीवर ज्या जवाहिऱ्याचं नाव असतं तो वह्या चाळून सांगतो की हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझी. आणि हार परत करताना फोरेस्तिए उशिराबद्दल फणकारते, पण डबी उघडून बघत नाही. बाईंना तिसरी जागा सगळ्यांत महत्त्वाची वाटत होती. कारण दहा वर्षांनंतरही खरे हिरे खोटे समजून तिच्या घरात पडलेले आहेत, आणि हे फक्त तिलाच कळू शकतं.

नवा शेवट शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मी नवा प्रसंग आणला नाही, नवं माणूस आणलं नाही. मातिल्द हाक मारते इथपासून सगळं तसंच ठेवलं आणि शेवटची दोन वाक्यं तेवढी काढली. मूळ गोष्टीत फोरेस्तिएला आधी ही गरीब बाई ओळखूच येत नाही. ती तिला परकी समजून ‘तुम्ही’ म्हणते आणि नाव कळताच ‘तू’वर येते. मीही तसंच ठेवलं. माझा शेवट असा होता:

“तू म्हणतेस, माझ्या हाराच्या बदल्यात तू हिऱ्यांचा हार विकत घेतलास?”

“हो. तुला कळलंसुद्धा नाही ना? अगदी सारखे होते.” आणि ती भोळ्या अभिमानाने हसली.

फोरेस्तिएने तिचे दोन्ही हात हातात घेतले. ते लाल, खरखरीत झाले होते.

“पण माझा…” ती म्हणाली आणि थांबली. “कितीला घेतलास?”

“छत्तीस हजार.”

“हो,” फोरेस्तिए म्हणाली. “अगदी सारखे होते.”

तिने मुलाचं बोट धरलं आणि घाबरून आल्या वाटेने घराकडे वळली.

बाईंनी ‘घाबरून’वर लाल रेघ मारली. ती घाबरली, की तिला हाव सुटली, की दया आल्याने ती गप्प बसली, हे तुला माहीत असू दे, पण एका शब्दात उघडं करू नकोस, असं त्या म्हणाल्या. शब्द काढल्यावर वाक्य खरंच जास्त बोलायला लागलं. ‘पण माझा…’ मात्र त्यांनी ठेवायला लावलं. ते नसतं तर जवाहिऱ्याचं बोलणं विसरलेल्या वाचकाला हार खोटा होता हे कळलंच नसतं.

त्यांचा एक आक्षेप मात्र कायम राहिला. गोष्ट पहिल्या ओळीपासून मातिल्दची आहे. माझ्या शेवटात तिला काहीच कळत नाही. ती आनंदात घरी जाते, आणि शेवटच्या क्षणी गोष्ट फोरेस्तिएची होऊन बसते. मी तेव्हा हट्टाने वाद घातला, की न कळणं हेच जास्त वाईट.

पुढे कॉलेजात असताना कळलं, की मोपासाँने त्याच्या आदल्याच वर्षी, १८८३ साली, याच कल्पनेची उलटी गोष्ट लिहिली होती: बायको मेल्यावर तिचे खोटे समजलेले दागिने नवरा विकायला नेतो आणि ते खरे निघतात. त्यातही सत्य ज्याला हादरवतं तो नवराच, ज्याच्यासोबत आपण पहिल्यापासून असतो. मी बाईंना पत्र लिहून हे कळवलं आणि त्यांचा आक्षेप मान्य केला. शेवट बदलताना सत्य कोणाला कळावं हे मी बदललं होतं, आणि गोष्टीचा भार त्याच एका गोष्टीवर होता. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. त्यांनी लिहिलं होतं, की दरवर्षी नववीला त्या मूळ शेवट वाचून झाल्यावर माझाही वाचून दाखवतात, आणि ‘घाबरून’ हा शब्द ठेवूनच वाचतात, मुलांना तो खटकतो का ते बघायला.