अंगठा देण्याआधी

मंगळवार, रात्र

लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा मोबाइलवर आला की नजर आधी भाड्याच्या आकड्यावर जाते. तो बहुधा बरोबरच असतो, कारण त्याची काळजी मालकालाही असते. चुकतात ती भाडेकरूची नावं आणि तारखा.

मसुदा म्हणतो, ‘कालावधी 11 महिने, 1 जून 2025 ते 31 मे 2026’. हे तर बारा महिने झाले! 1 जूनपासूनचे अकरा महिने 30 एप्रिल 2026 ला संपतात. एजंट जुन्या फाइलवर नवी माणसं बसवतो, आणि एखादी तारीख तशीच राहून जाते. मे महिन्यात घर रिकामं करायचं की भाडं भरायचं, हा वाद त्या एका ओळीतून उभा राहतो. मुद्रांक शुल्कही पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळून 0.25 टक्क्याने निघतं, त्यामुळे तारीख बदलली की तेही पुन्हा मोजावं लागतं.

नावाचं दुखणं वेगळं. प्रज्ञा हे नाव आधारवर Pradnya असतं आणि हिंदी वळणाचा टायपिस्ट Pragya लिहितो. वाचताना खटकत नाही, पण पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार बँकेत किंवा पासपोर्टसाठी दिला की कागद अडकतो.

मालकाला फोनवर सांगितलेलं एजंटपर्यंत अर्धंच पोचतं. लिहून पाठवलेलं बरं:

‘काका, नमस्कार. मसुदा वाचला. दोन दुरुस्त्या हव्यात. पान 1, माझं नाव: Pragya आहे, आधारप्रमाणे Pradnya हवं. पान 2, कालावधी: 31 मे 2026 आहे, आपलं अकरा महिन्यांचं ठरलंय, म्हणून 30 एप्रिल 2026 हवं. एजंटना सांगून नवी पीडीएफ पाठवाल का? ती पाहून मग अंगठा देते.’

‘आहे’ आणि ‘हवं’ शेजारीशेजारी असले की मालकाला फक्त पुढे ढकलायचं उरतं. ‘तुमच्याकडून चूक झाली’ असं म्हणायची गरजच पडत नाही. चूक बहुधा त्यांची नसतेही. आधारचा फोटो जोडायचाच असेल तर क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठेवून बाकीचे झाकावेत.

नवी पीडीएफ आली की ती अथपासून वाचायची. तारीख कालावधीच्या कलमात बदलते आणि लॉक-इनच्या कलमात जुनीच राहते. नाव पहिल्या पानावर सुधारतं, सहीच्या जागी नाही. ‘हो हो, करून घेतो’ हे उत्तर म्हणजे दुरुस्ती नव्हे.

आणि बायोमेट्रिकवाला दारात उभा असला तरी आधी त्याच्या लॅपटॉपवरचा मसुदा बघायचा. अंगठ्याआधी ती दोन मिनिटांची टायपिंगची बाब असते. नोंदणी झाल्यावर मात्र चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो आणि त्यासाठी मालकाला पुन्हा अंगठ्याला बसवावं लागतं. काका तेव्हा गावी गेलेले असतात.