समरी झाकून ठेवा

«सर, सहाही मॉड्यूलच्या समरी काढून झाल्यात. आता पेपरपर्यंत त्या कधी कधी वाचायच्या?»

वाचायच्या नाहीत, झाकून कोऱ्या कागदावर उतरवायच्या. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे होते.

ठाण्यात माझ्याकडे ऑपरेटिंग सिस्टीमला येणाऱ्या मुलांना मी पेपरच्या तारखेवरून उजळणी आखून देतो. समजा, पेपर ३० तारखेला आहे. पहिल्या मॉड्यूलची समरी १ तारखेला नीट बघायची आणि २, ५, १२, २४ या तारखांना झाकून लिहायची. दर वेळी अंतर वाढतं, थोडं विसरायला होतं, आणि ते आठवायला जोर लावावा लागतो. तो जोरच कामाचा असतो. दुसरं मॉड्यूल ३ ला सुरू, तिसरं ५ ला, असं एक दिवसाआड.

घोळ चौथ्यापासून होतो. ते ७ ला सुरू झालं, तर याच अंतराने शेवटची उजळणी थेट ३० ला पडते. पाचव्या-सहाव्याची तर पेपर उलटून गेल्यावर. म्हणून या तिघांची शेवटची उजळणी अलीकडे ओढून २५, २७ आणि २९ ला घ्यायची. २४, २६, २८ या तारखा पहिल्या तीन मॉड्यूलच्या आहेतच, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात रोज एकच मॉड्यूल येतं. हे न केल्यामुळे पहिली दोन मॉड्यूल तोंडपाठ आणि शेवटची दोन कच्ची, असे पेपर मी बरेच पाहिलेत.

आता डेडलॉकचं पान घ्या. त्याच्या चार अटी लिहा: म्युच्युअल एक्सक्लूजन, होल्ड अँड वेट, नो प्रीएम्प्शन, सर्क्युलर वेट. बहुतेकांची ‘नो प्रीएम्प्शन’ राहते. मग ती लाल पेनाने समरीवर खूण करून फक्त तेवढीच दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. बाकीचं पान ठरलेल्या तारखेलाच. अर्ध्याहून जास्त राहिलं, तर मात्र ते मॉड्यूल नव्याने १ दिवसाच्या अंतरापासून सुरू करायचं.

अटी ठाणे-वाशी लोकलमध्ये मनात म्हणता येतात. बँकर्स अल्गोरिदम तसा होत नाही. `Need = Max - Allocation` पाठ असूनही सेफ सिक्वेन्स निघत नाही, हे कागदावरच कळतं. त्याला दर उजळणीला नवे आकडे घ्या. जुनंच गणित पुन्हा सोडवलं तर उत्तर आठवतं, रीत तपासली जात नाही. आणि दोन वेळा नवं गणित अडलं, तर तारखा पुढे ढकलून काही होणार नाही. ते मुळात समजलेलं नाही, तेव्हा वही घेऊन माझ्याकडे या.