आईचं सोडियम ११४

पाचपाखाडीतल्या आमच्या घरी त्या दुपारी आईने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो शांतपणे प्यायली. वय ७६. मग मला विचारलं, "बाबा अजून आले नाहीत का रे?" बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली आहेत.

आम्हाला अर्धांगवायूची भीती वाटली. पण चेहरा वाकडा नव्हता, दोन्ही हातांत ताकद सारखीच होती. तीन-चार दिवस ती मलूल होती, मळमळत होतं, चालताना भिंत धरत होती. ते सगळं मी मे महिन्याच्या उकाड्यावर ढकललं होतं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. रक्तात सोडियम मात्र ११४ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. डॉक्टरांनी औषधांच्या पट्ट्या मागितल्या आणि एकीवर बोट ठेवलं. अकरा दिवसांपूर्वीच बीपीची गोळी बदलली होती. जुन्याच औषधात क्लोरथॅलिडोन मिसळलेलं होतं, म्हणजे लघवी वाढवणारं, थायझाइडसारखं औषध. या गोळीने लघवीतून मीठ जातं आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकायची मूत्रपिंडाची ताकदही कमी होते. त्यात आई बीपीमुळे अळणी जेवत होती, आणि उन्हाळा म्हणून मीच तिला तांब्याभर पाणी प्यायला लावत होतो. हा त्रास बहुतेकदा गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतो, आणि वय झालेल्या, अंगाने बारीक बायकांना जास्त.

गोळी लगेच बंद केली. मी म्हटलं, मग मीठ भराभर चढवा ना! डॉक्टर म्हणाले, "तिथेच घात होतो." सोडियम हळूहळू उतरताना मेंदूच्या पेशी त्याला जुळवून घेतात. मग ते झपाट्याने वाढवलं, तर पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि नसांवरचं आवरण खराब होऊ शकतं. बोलणं, गिळणं जातं, तेही काही दिवसांनी कळतं. म्हणून २४ तासांत ८ पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. भ्रम होता म्हणून ३ टक्के सलाइनचे १०० मिली दिले. सोडियम ११७ झालं. पोटॅशियमही कमी होतं, तेही जपून दिलं, कारण त्यानेही सोडियम वर जातं.

खरी कसोटी पहाटे लागली. लघवीच्या पिशवीत रात्रभर पिवळं, थोडंथोडं येत होतं. चार वाजता ते पाण्यासारखं पांढरं दिसू लागलं आणि पिशवी भराभर भरायला लागली. मला वाटलं, बरं झालं. नर्सने मात्र डॉक्टरांना उठवलं. गोळीचा असर ओसरला की मूत्रपिंड एकदम पाणी सोडतं आणि सोडियम आपोआप उसळतं. रिपोर्ट आला: १२१. लगेच साखरेचं सलाइन सुरू केलं, दर चार तासांनी रक्त घेतलं. चोवीस तास झाले तेव्हा १२२ होतं.

तिसऱ्या दिवशी आईने नर्सला तिचं गाव विचारलं. सहाव्या दिवशी १३३ वर घरी सोडलं. कागदावर लाल शाईने लिहिलं: थायझाइड पुन्हा नको. आता नवी पट्टी आली की मी मागच्या बाजूला छापलेलं घटकांचं नाव वाचतो. नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' जोडलेलं असलं, तर त्यात थायझाइड आहे का, हे केमिस्टला आधी विचारतो.