गॅस म्हणे!

"अगं गॅसच आहे, जरा सोडा दे," शेजारचे काका म्हणत होते आणि इकडे त्यांची बंडी घामाने पाठीला चिकटलेली, तीही आमच्या सांवेरकडच्या ऐन जानेवारीच्या थंडीत. तो घाम बघूनच माझ्या पोटात धस्स झालं.

विचारलं, दुखतं कुठे? छातीत नाही म्हणे, जबडा आणि डावा खांदा जड वाटतोय, मळमळतंय, अर्धा तास झाला. काकांना जुनी शुगर आहे, आणि शुगरवाल्यांना कधीकधी छातीत कळ येतच नाही, नसांची जाणीवच कमी झालेली असते ना.

मुलगा बाइक काढायला निघाला, मी किल्लीच काढून घेतली. १०८ ला फोन लावला, काकांना उशी टेकून अर्धवट बसवलं, एक पाऊल चालायचं नाही. मग डॉक्टरांना फोन. त्यांनी अ‍ॅलर्जी, अल्सर, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का सगळं विचारलं आणि मगच अ‍ॅस्पिरिन द्यायला सांगितली. काकूंच्या डब्यात ७५ च्या होत्या, चार चावून खायला लावल्या, नुसत्या गिळल्या तर असर उशिरा होतो. काकू जिभेखालची गोळी शोधत होत्या (शेजारणीने सुचवलेली!), ती नको म्हटलं, बीपी आधीच कमी असेल तर आणखी पडतं.

ईसीजीत अटॅकच निघाला, इंदूरला रात्रीच अँजिओप्लास्टी झाली.

आज काकू विचारतात, छातीत दुखलंच नाही तर अटॅक कसा गं? तुमच्या घरच्या शुगरवाल्यांना हे कुणी सांगितलंय का?