त्या 38 किलोमीटरवर दुपारनंतर बाईक घेऊन जाऊ नका

पहिले तीन दिवस मस्त गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही. हे सगळं चौथ्या दिवसाबद्दल आहे. दोन बाईक, मी आणि धाकटा भाऊ. त्याच्या बाईकवर मागे उंच टॉप बॉक्स आणि दोन्ही बाजूंना बॅगा, माझ्याकडे फक्त सीटला बांधलेली एक बॅग. रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळसोट. त्यातला 38 किलोमीटरचा पट्टा शेतांपेक्षा दोन पुरुष उंच भरावावरून जातो. झाडं नाहीत, घरं नाहीत, दोन्ही बाजूंना नुसती नांगरलेली जमीन.

आदल्या मुक्कामी आम्हाला छातीठोकपणे सांगण्यात आलं की वारा सकाळी असतो, जेवून निघा, दुपारनंतर पडतो. हे साफ चुकीचं आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवला याचा मला अजून राग येतो. मोकळ्या सपाट मुलखात बहुतेक वेळा नेमकं उलट होतं. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवा वर उसळते आणि वरच्या थरातला वेगवान वारा खाली ओढला जातो. म्हणून दुपारी दोन ते पाच ही वाऱ्याची सगळ्यात वाईट वेळ. सूर्य मावळला की तो बसतो आणि पहाटे सगळ्यात शांत असतो. वादळ येऊ घातलं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी चूक माझी. फोनवर वारा ताशी 28 किलोमीटर दिसला आणि मी निश्चिंत झालो. तो सरासरी आकडा होता. त्याच्याच खाली झोतांचा आकडा होता 61, तो मी पाहिलाच नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. बाईकला आडवं करतो तो झोत, सरासरी नाही. निघण्यापूर्वी फक्त झोतांचा आकडा बघा. माझ्यापुरतं मी आता ठरवलंय की 50 च्या वर असेल तर भरावावर आणि लांब पुलांवर जायचं नाही. सामान उंच असेल तर 40 लाच थांबायचं.

पट्ट्यावर चढलो तेव्हा साडेतीन वाजले होते. वारा उजवीकडून, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने. ही सगळ्यात वाईट जुळणी आहे. सरळ जाण्यासाठी बाईक उजवीकडे, वाऱ्यात झुकवून ठेवावी लागते. त्यासाठी हँडलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकलायची. ज्या बाजूने वारा त्या बाजूची मूठ, एवढं लक्षात ठेवा. अंग तिरकं करून काही होत नाही. मूठ घट्ट आवळली की वाऱ्याचा प्रत्येक हिसका खांद्यातून परत हँडलमध्ये जातो आणि बाईक जास्त वळवळते. म्हणून बोटं सैल, कोपर वाकलेले, गुडघे टाकीला घट्ट आणि छाती टाकीकडे झुकलेली.

आता समोरून ट्रक येतो. त्याचं तोंड तुमच्या बाजूला आलं की वारा क्षणात अडतो. तुम्ही मात्र अजून मूठ ढकलत असता, त्यामुळे बाईक ट्रककडेच ओढली जाते. पुढच्या क्षणी ट्रकची शेपूट जाते आणि अडलेला वारा एकदम आदळून तुम्हाला कडेच्या खडीकडे फेकतो. पहिल्या ट्रकला मी जवळजवळ एक हात उजवीकडे सरकलो आणि मग दोन हात डावीकडे. पोटात गोळा आला. त्यावर उपाय एकच, आणि तो सात-आठ ट्रकनंतर जमला. ट्रकचं तोंड बरोबरीला येताना मुठीवरचा दाब सोडायचा, शेपूट जाताना पुन्हा द्यायचा. त्यासाठी आपल्या लेनच्या मधोमध राहायचं. कडेला चिकटलात तर दुसऱ्या धक्क्याला जागा उरत नाही, उजवीकडे राहिलात तर पहिल्या धक्क्याला. त्या पट्ट्यात ओव्हरटेक करायचंच नाही.

वेग 60 च्या आसपास ठेवा. 90 वर गेलं की झोत आल्यावर सावरायला वेळच मिळत नाही. पण घाबरून 25-30 वर आलात तर बाईक स्वतःहून उभी राहायचं सोडते आणि प्रत्येक झोत तिला जास्त हलवतो. भाऊ हेच करत होता, कारण टॉप बॉक्स शिडासारखा वारा धरत होता. आडव्या वाऱ्यासाठी बॉक्स काढून सामान खाली बॅगांत भरायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम, आम्ही केलं नाही.

पाचच्या सुमारास सूर्य समोर आला. वारा उजवीकडून, ऊन तोंडावर. त्यात हेल्मेटच्या काचेवर धुळीचा थर होता. धुळीचा एकेक कण ऊन चहूकडे उधळतो, त्यामुळे स्वच्छ काचेतून सहज दिसणारा रस्ता मळक्या काचेतून नुसता पांढरा दिसतो. मी हातमोज्याने काच पुसली आणि तिथेच चुकलो. कोरड्या धुळीवर पुसलं की बारीक चरे पडतात, आणि ते चरे नंतर कायम चमकतात. थांबा, पाणी ओता, मऊ ओल्या फडक्याने धूळ उचलून घ्या. दुसरं म्हणजे काचेच्या वरच्या कडेला आतून-बाहेरून नाही, फक्त बाहेरून दोन बोटं रुंदीची काळी चिकटपट्टी लावा. सूर्य डोळ्यांत आला की हनुवटी जरा खाली घ्यायची, पट्टी सूर्य झाकते आणि खालचा रस्ता दिसत राहतो. काळी काच मात्र नको. धूळ किंवा धूर आला की तिच्यातून काहीच दिसत नाही.

आणि ऊन पाठीशी असतानाही सुटका नाही. तुमची लांब सावली ज्या वाहनाकडे रोखलेली आहे, त्याच्या चालकाच्या डोळ्यांत सूर्य आहे. त्याला तुम्ही दिसत नाही असं धरूनच चाला.

साधारण साडेपाचला उजवीकडच्या शेतांवर तपकिरी रेघ दिसली. मला वाटलं ट्रॅक्टर चालला असेल. मग पुढच्या ट्रकचे मागचे दिवे फिके झाले आणि दोन श्वासांत दिसेनासे झाले. धुळीची भिंत येते ती अशीच. हळूहळू दाट होत नाही, एक कड असते आणि तिच्या आत काही नसतं.

या ठिकाणी एक हिशेब डोक्यात असू द्या. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 25 मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 20. एकूण 45 मीटर, आणि रस्त्यावर वाळू पसरली असेल तर त्याहून जास्त. 45 मीटर दिसत नसेल तर 60 ने चालणं म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीवर जाऊन आदळणं. आणि वेग कमी केलात तर मागचा तुमच्यावर येतो. म्हणून कड दिसल्या दिसल्या, आत शिरण्यापूर्वीच रस्ता सोडायचा.

मी दोनदा हॉर्न दिला, आरशात बघून वेग हळूहळू उतरवला आणि भरावावरून खाली शेतात जाणाऱ्या एका कच्च्या वाटेवर वळलो. भाऊ मागे आला, पण रस्त्याच्या कडेलाच थांबला आणि चारही इंडिकेटर लावले.

"दादा, इथेच थांबूया, खाली उतरताना पडेन मी."

"दिवे बंद कर आधी, आणि खाली ये. ढकलत आण."

कडेला दिवे लावून थांबणं हे सगळ्यात घातक. धुळीत आंधळा झालेला मागचा चालक पुढचे लाल दिवे हाच रस्ता समजतो आणि सरळ त्यांच्यावर येतो. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये धुळीची वादळं नेहमीची आहेत, तिथला अधिकृत सल्लाही हाच आहे. रस्त्यापासून शक्य तितकं दूर जा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा म्हणजे मागचा दिवा लागणार नाही. चालत असताना मात्र दिवे हवेत, आणि तेही खालच्या झोतावर. वरचा झोत धुळीवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो.

बाईकपासून बाजूला होऊन आम्ही उताराला पाठ लावून बसलो, नाकाला ओला रुमाल. ते 22 मिनिटं चाललं. तेवढ्यात वर रस्त्यावर, भाऊ उभा होता साधारण तिथूनच, एक गाडी कडेची खडी उडवत गेली. आवाज ऐकू आला, गाडी दिसली नाही.

भावाची बाईक याच वेळात पडली. त्याने ती तोंड फिरवून लावली होती, म्हणून वारा साइड स्टँडच्या बाजूने आला आणि बाईक उचलून पलीकडे टाकली. वाऱ्याने बाईक स्टँडवर दाबली गेली पाहिजे, अशी लावायची. पहिल्या गिअरमध्ये, स्टँडखाली चपटा दगड. पुढच्या ब्रेकचा दांडा वाकला, बाकी निभावलं.

परतताना पहाटे निघायचं ठरवलं. वारा खरंच नव्हता, पानही हलत नव्हतं. पण आता आम्ही पूर्वेला चाललो होतो, म्हणजे सूर्य पुन्हा तोंडावर, आणि भरावाच्या खोलगट भागात रात्री पेटवलेल्या शेताचा धूर साचला होता. जो वारा नसल्याचा आनंद होता त्यानेच धूर अडवून ठेवला होता. पहाटेची थंड दमट हवा आणि ओल्या काडीकचऱ्याचा धूर मिसळला की दाट पांढरा पडदा होतो, त्यात हातभरही दिसेनासं होऊ शकतं. धूर वरून विरळ दिसला तरी खाली रस्त्यावर किती दाट आहे ते बाहेरून कळत नाही. कळतं ते एकाच गोष्टीवरून, समोरून येणारी वाहनं त्यातून बाहेर पडताना किती जवळ आल्यावर दिसतात. आम्ही उंचवट्यावर थांबून मोजलं. दिवे धुराच्या अगदी कडेला आल्यावरच उमटत होते. म्हणून थांबलो.

सूर्य क्षितिजावरून दोन मुठी वर येईपर्यंत थांबा, हात लांब करून मोजलेल्या मुठी. तेवढ्यात ऊन डोळ्यांच्या वर जातं, जमीन तापू लागते आणि धूर उचलला जातो. आम्हाला दीड तास लागला. मग ते 38 किलोमीटर पाऊण तासात, एकदाही हँडल न ढकलता झाले. नऊच्या आत ते पार करा, दहानंतर पुन्हा झोत सुरू होतात.

मुक्कामी पोचल्यावर एअर फिल्टर उघडा. माझ्या फिल्टरवर पिठासारखी धूळ बसली होती आणि बाईक चढाला दम तोडत होती. शेवटचे दोनशे किलोमीटर मी नुसतं जास्तीचं पेट्रोल जाळत आलो.